पॉयसनचा λ आणि व्हेरियन्सची खालची मर्यादा: सरासरी खरंच बेस्ट आहे का, हे पायरी पायरीने सिद्ध करूया

एमएस्सी स्टॅटच्या पहिल्या वर्षाला सफिशियन्सी आणि क्रामर-राव बाउंड हे दोन टॉपिक पाठोपाठ येतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात ते दोन वेगळे खण होऊन बसतात. एकात फॅक्टरायझेशन करायचं, दुसऱ्यात लॉग घेऊन दोनदा डिफरन्शिएट करायचं, मार्क मिळाले की संपलं. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच ओळीतून दिसतात, फक्त ती ओळ नीट मांडून बघावी लागते. म्हणून इथे एकच फॅमिली घेतो, पॉयसन, आणि खरा डेटा घेऊन शेवटपर्यंत जातो, मध्येच गामा बीटा नॉर्मल असं भटकत नाही.

आधी डेटा. १९१० साली मँचेस्टरमध्ये रदरफर्ड आणि गायगर यांनी पोलोनियममधून निघणारे अल्फा कण मोजले. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीक चमक दिसते, ती सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि नोंदवायची. वेळेचे एक अष्टमांश मिनिटाचे, म्हणजे साडेसात सेकंदांचे तुकडे पाडले, असे एकूण २६०८ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात किती चमका आल्या ते मोजलं. त्या पेपरला गणिताची टीप बेटमनने जोडली होती. आकडे असे आहेत (वरची ओळ एका तुकड्यातल्या चमका, खालची ओळ तसे तुकडे किती):

```
x :  0   1   2   3   4   5   6   7   8   9  10  11  12  13  14
f : 57 203 383 525 532 408 273 139  45  27  10   4   0   1   1
```

f ची बेरीज २६०८ आणि x·f ची बेरीज १००९७ येते, एकदा कॅल्क्युलेटरवर करून बघा कारण पुढे सगळीकडे हेच दोन आकडे लागणार आहेत.

मॉडेल साधं आहे. प्रत्येक तुकड्यातला काउंट Xᵢ हा पॉयसन, सगळ्यांचा λ एकच, सगळे इंडिपेंडंट. λ म्हणजे साडेसात सेकंदात सरासरी किती कण. हा λ आपल्याला एस्टिमेट करायचाय, आणि नुसता एस्टिमेट करून थांबायचं नाहीये, तर याच्यापेक्षा चांगला अनबायस्ड एस्टिमेटर कोणी आणूच शकत नाही हे दाखवायचंय.

पायरी १: जॉइंट प्रॉबॅबिलिटी लिहा आणि λ कुठे कुठे दिसतो ते बघा

```
p(x; λ) = ∏ e^(−λ) λ^(xᵢ) / xᵢ!
        = e^(−nλ) λ^T · 1/(∏ xᵢ!)        T = Σ xᵢ
```

एवढंच. λ ज्या भागात आहे त्या भागात डेटा फक्त T च्या रूपात येतो, आणि उरलेल्या ∏ xᵢ! मध्ये λ चा पत्ताच नाही. फिशर-नेमन फॅक्टरायझेशन म्हणतं की असं तोडता आलं तर T सफिशियंट आहे. पेपरात इथे थांबलं तरी चालतं, पण याचा अर्थ अंगात मुरवायचा असेल तर कंडिशनल डिस्ट्रिब्यूशन एकदा हाताने काढाच. n = 2 घ्या. T म्हणजे X₁ + X₂ हा पॉयसन(2λ) असतो, मग

```
P(X₁ = a | T = t) = C(t, a) · (1/2)^t
```

λ उडाला. म्हणजे मी तुम्हाला सांगितलं की बेरीज ३ आली, तर (0,3), (1,2), (2,1), (3,0) यांच्या शक्यता १/८, ३/८, ३/८, १/८ असणार, λ एक असो नाहीतर शंभर. आता बेरीज कळल्यावर ती दोघांत कशी वाटली गेली हे तुम्हाला सांगितलं तरी त्यातून λ बद्दल नवीन काहीच कळत नाही, ती वाटणी तुम्ही स्वतः नाणी उडवून घरी बसून करू शकला असतात. वरच्या डेटाचंही तेच, T = १००९७ एकदा हातात आला की ते १००९७ कण २६०८ तुकड्यांत कसे पसरले हे मल्टिनॉमियल आहे, प्रत्येक तुकड्याला समान संधी, आणि त्यात λ नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण बरेच लोक इथून चुकीच्या गावाला जातात. "T सफिशियंट आहे" म्हणजे बाकीचा डेटा फेकून द्या असं नाही. T पुरेसा आहे तो *मॉडेल पॉयसन आहे असं मानलं तर*. मॉडेल मुळात बरोबर आहे का हे तपासायला नेमकी ती वाटणीच लागते, वरचं टेबल लागतं. नुसत्या १००९७ वरून पॉयसन आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. रदरफर्ड-गायगरने अख्खं टेबल छापलं ते याचसाठी, कण निघणं खरंच रँडम आहे का हाच त्यांचा प्रश्न होता.

पायरी २: स्कोअर काढा आणि तो एका खास आकारात लिहा

लॉग घ्या, λ ने डिफरन्शिएट करा:

```
ℓ(λ) = −nλ + T log λ − Σ log xᵢ!

s(λ) = dℓ/dλ = T/λ − n
```

याला स्कोअर म्हणतात. बहुतेक सोडवलेल्या उदाहरणांत इथून लगेच दुसरा डेरिव्हेटिव्ह घेतात. तसं करू नका, एक मिनिट थांबा आणि n/λ कॉमन काढा:

```
s(λ) = (n/λ) · (x̄ − λ)
```

मी सुरुवातीला म्हणालो ती ओळ ही. माझ्या मते अख्ख्या टॉपिकमधली एकच ओळ पाठ करायची असेल तर हीच, कारण यात तिन्ही उत्तरं आयती आहेत: कंसात एस्टिमेटर वजा ज्याला एस्टिमेट करायचंय ते, कंसाबाहेर इन्फर्मेशन, आणि दोघांचा नुसता गुणाकार असणं हा एफिशियन्सीचा पुरावा. असं का ते पुढे येतंच.

आधी दोन तपासण्या. स्कोअरची अपेक्षित किंमत शून्य यायला हवी, येते, कारण E(x̄) = λ. आणि स्कोअरचा व्हेरियन्स म्हणजेच फिशर इन्फर्मेशन:

```
I(λ) = Var(s) = (n/λ)² · (λ/n) = n/λ
```

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हने पण करून बघा, −E(−T/λ²) = nλ/λ² = n/λ, तेच आलं. दोन रस्त्यांनी एकच उत्तर येणं ही इथली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, आणि दोन्ही वेगळी आली तर एकतर डिफरन्शिएशनमध्ये घोळ आहे किंवा फॅमिलीच अशी आहे जिला हा बाउंड लागू होत नाही, त्याबद्दल खाली.

इन्फर्मेशन n/λ आहे, म्हणजे λ मोठा तसं प्रत्येक ऑब्झर्वेशनमधून λ बद्दल कमी कळतं. पहिल्यांदा ऐकायला उलटं वाटतं, पण पॉयसनमध्ये λ वाढला की पसाराही तेवढाच वाढतो, म्हणून.

पायरी ३: बाउंड स्वतः सिद्ध करा, चार ओळींचाच आहे

या बाउंडच्या जन्मात एक मराठी माणूस आहे हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. १९४४ साली सी. आर. राव कलकत्ता विद्यापीठात एमएच्या वर्गाला एस्टिमेशन शिकवत होते, वय चोवीसच्या आसपास, आणि मोठ्या सँपलसाठीचा फिशरचा रिझल्ट सांगत होते, तेव्हा वर्गातल्या वि. म. दांडेकरांनी विचारलं की हे छोट्या, फायनाइट सँपलसाठी का सिद्ध करत नाही. राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता घेऊन आले, ही हकीकत रावांनीच सांगितलेली आहे. ती १९४५ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापून आली. हेच दांडेकर म्हणजे पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे, नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या गरिबीचा अभ्यास करणारे. स्वीडनमध्ये क्रामरने १९४६ च्या पुस्तकात हाच रिझल्ट स्वतंत्रपणे दिला, फ्रान्समध्ये फ्रेशेने १९४३ मध्येच त्याचं एक रूप मांडलं होतं, त्यामुळे काही जण तिघांचं नाव घेतात.

सिद्धता अशी. U हा λ चा कुठलाही अनबायस्ड एस्टिमेटर घ्या, म्हणजे λ काहीही असला तरी Σ u(x) p(x; λ) = λ. दोन्ही बाजू λ ने डिफरन्शिएट करा. उजवीकडे १ येतो. डावीकडे p चा डेरिव्हेटिव्ह येतो, पण p′ = s·p (लॉगचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे p′/p, एवढंच), म्हणून

```
Σ u · s · p = 1      ⇒   E(U s) = 1
E(s) = 0             ⇒   Cov(U, s) = 1
Cov² ≤ Var(U)·Var(s) ⇒   1 ≤ Var(U) · I(λ)
                     ⇒   Var(U) ≥ 1/I(λ) = λ/n
```

तिसरी ओळ म्हणजे कॉशी-श्वार्ट्झ. बघा, U कोणता आहे हे आपण कुठेच वापरलं नाही, फक्त तो अनबायस्ड आहे एवढंच वापरलं. म्हणजे जगात कोणीही कितीही हुशारीने λ चा अनबायस्ड एस्टिमेटर बनवला तरी त्याचा व्हेरियन्स λ/n च्या खाली जाणार नाही.

अनबायस्ड हा शब्द गाळू नका हं. "काहीही आलं तरी उत्तर ४" असं सांगणाऱ्या एस्टिमेटरचा व्हेरियन्स शून्य असतो, तो बाउंडच्या खाली आहे म्हणून थिअरम मोडत नाही, कारण तो अनबायस्ड नाहीच. व्हायवाला हा प्रश्न आवडीने विचारतात.

पायरी ४: इक्वॅलिटी कधी, आणि x̄ एफिशियंट आहे हे दाखवणं

सरळ मार्ग एका ओळीचा आहे: Var(x̄) = Var(Xᵢ)/n = λ/n, आणि बाउंडही λ/n, दोन्ही सारखे, x̄ एफिशियंट, विषय संपला. लेखी परीक्षेत हे पूर्ण उत्तर आहे. फक्त "प्रत्येक λ साठी" हे शब्द लिहा, कारण एखाद्याच λ ला बाउंड गाठला तर त्याला एफिशियंट म्हणत नाहीत.

पण *का* गाठला हे कॉशी-श्वार्ट्झ सांगतं. तिथे इक्वॅलिटी तेव्हाच येते जेव्हा U − λ आणि स्कोअर एकमेकांच्या पटीत असतात, आणि ती पट λ वर अवलंबून असली तरी चालते, डेटावर नको. आता मागे जाऊन ती ओळ बघा, s = (n/λ)(x̄ − λ). स्कोअर स्वतःच (x̄ − λ) च्या पटीत लिहिलेला आहे! म्हणजे व्हेरियन्स काढायच्या आधीच कळलं की x̄ एफिशियंट आहे, आणि पट जी आहे, n/λ, ती आपोआप इन्फर्मेशन निघाली. कुठलीही नवी फॅमिली आली की मी आधी हेच करून बघतो, स्कोअर "काहीतरी λ चं × (स्टॅटिस्टिक − λ)" असा मांडता येतो का. आला तर काम झालं, नाही आला तर कितीही घाम गाळला तरी λ चा एफिशियंट एस्टिमेटर मिळणार नाही.

आपल्या आकड्यांवर: x̄ = १००९७/२६०८ = ३.८७१५. बाउंडमध्ये λ च्या जागी हाच टाकला तर ३.८७१५/२६०८ = ०.००१४८४, वर्गमूळ ०.०३८५. म्हणजे साडेसात सेकंदाला ३.८७ कण, स्टँडर्ड एरर ०.०४ च्या आत, आणि याच २६०८ तुकड्यांतून अनबायस्ड पद्धतीने याहून कमी एरर कोणालाही काढता येणार नाही.

पायरी ५: एक हरणारा एस्टिमेटर मुद्दाम घ्या, नाहीतर बाउंडची किंमत कळत नाही

पॉयसनमध्ये मीन आणि व्हेरियन्स दोन्ही λ च असतात. मग सँपल व्हेरियन्स S² (n−1 ने भागलेला) हाही λ चा अनबायस्ड एस्टिमेटर झाला. कोणी म्हणेल दोन्ही अनबायस्ड आहेत, कुठलाही वापरा, काय फरक पडतो? फरक काढूया. S² च्या व्हेरियन्सला चौथा सेंट्रल मोमेंट लागतो, पॉयसनसाठी तो λ + 3λ² असतो, तो नेहमीच्या फॉर्म्युलात घालून आवरलं की

```
Var(S²) = λ/n + 2λ²/(n−1)
```

पहिली टर्म म्हणजे बाउंडच, दुसरी म्हणजे फुकटचा दंड. एफिशियन्सी म्हणजे बाउंड भागिले खरा व्हेरियन्स, n मोठा असेल तर ती साधारण 1/(1 + 2λ) येते. λ = ३.८७ ला ०.११४. याचा अर्थ असा की S² वापरून २६०८ तुकड्यांतून जेवढी अचूकता मिळते तेवढी x̄ ला साधारण ३०० तुकड्यांतच मिळाली असती, बाकीचे २३०० तुकडे डोळे फोडून मोजले ते पाण्यात. n वाढवून हा तोटा भरून निघत नाही हेही बघा, प्रमाण तेच राहतं.

टेबलवरून Σx²f = ४८७२७ येतं, त्यावरून S² = ३.६९६, स्टँडर्ड एरर ०.११४. x̄ चा ०.०३८५ होता, जवळजवळ तिप्पट.

आता सफिशियन्सी इथे कशी शिरते ते बघा. S² हा T चा फंक्शन नाही, तो वाटणीवर अवलंबून आहे, आणि वाटणीत λ बद्दल काही नाही हे पहिल्याच पायरीत दिसलं. म्हणजे S² मध्ये निव्वळ गोंगाट मिसळलाय. तो गाळायचा तर T दिलेला असताना S² ची अपेक्षित किंमत काढायची, यालाच राव-ब्लॅकवेल म्हणतात, आणि तो रावांच्या त्याच १९४५ च्या पेपरात आहे. मल्टिनॉमियलवरून करून बघा:

```
E(Σ Xᵢ² | T) = T(1 − 1/n) + T²/n
E(S² | T) = [T(1 − 1/n) + T²/n − T²/n] / (n−1) = T/n = x̄
```

S² मधला गोंगाट गाळला की खाली उरतो तो बरोब्बर x̄. मला या टॉपिकमधला हा सगळ्यात सुंदर हिशोब वाटतो, दोन ओळींत दोन्ही थिअरम एकत्र येतात.

आणि तो गोंगाट वाया जात नाही, त्याचा दुसरा उपयोग आहे. S² − x̄ चा व्हेरियन्स पॉयसन असेल तर 2λ²/(n−1) असतो, कारण एफिशियंट एस्टिमेटरचा कुठल्याही अनबायस्ड एस्टिमेटरशी कोव्हेरियन्स त्याच्या स्वतःच्या व्हेरियन्सएवढाच असतो. आपल्याकडे फरक −०.१७५ आणि त्याचा स्टँडर्ड एरर ०.१०७, भागाकार साधारण −१.६. जरा कमी आहे पण आरडाओरडा करण्याइतका नाही, पॉयसन मानायला हरकत नाही. हाच भागाकार +५ वगैरे आला असता तर डेटा ओव्हरडिस्पर्स्ड आहे, म्हणजे Var(x̄) = λ/n हेच खोटं, आणि वर काढलेला ०.०३८५ हा एरर खऱ्यापेक्षा लहान. रुग्णांच्या किंवा अपघातांच्या काउंटमध्ये हे सर्रास होतं. उलट मोठा मायनस आला असता तर एकापाठोपाठ लगेच आलेल्या चमका मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटतात का असा संशय घ्यायचा. एफिशियन्सीचा सगळा डोलारा मॉडेलवर उभा आहे, म्हणून हा भागाकार काढल्याशिवाय एरर रिपोर्ट करू नये असं माझं मत.

पायरी ६: सफिशियंट आहे, बेस्ट आहे, तरी एफिशियंट नाही

आता प्रश्न थोडा बदलू. एखाद्या तुकड्यात एकही कण न येण्याची शक्यता, e^(−λ), हवी आहे. फॅमिली तीच, T सफिशियंट तोच. λ च्या g(λ) या फंक्शनसाठी वरच्याच सिद्धतेत उजवीकडे १ ऐवजी g′(λ) येतो, बाकी सगळं तसंच:

```
Var(U) ≥ [g′(λ)]² / I(λ) = λ e^(−2λ) / n
```

भोळा एस्टिमेटर म्हणजे शून्यवाल्या तुकड्यांचं प्रमाण, ५७/२६०८ = ०.०२१९. तो अनबायस्ड आहे, पण त्याचा व्हेरियन्स e^(−λ)(1−e^(−λ))/n, आणि एफिशियन्सी भागून बघितली तर जेमतेम ०.०८२. त्याला २५५१ तुकडे फक्त "शून्य नाही" एवढंच सांगतात, त्यात ३ होते की ९ होते याकडे तो बघतच नाही.

त्याला राव-ब्लॅकवेल लावा. T दिलेला असताना पहिल्या तुकड्यात एकही कण न पडण्याची शक्यता किती? T कणांपैकी प्रत्येकाने उरलेल्या n−1 तुकड्यांत पडायचं, म्हणजे (1 − 1/n)^T. हा अनबायस्ड आहे, आणि T कम्प्लीट असल्यामुळे (लेहमन-शेफे) याहून कमी व्हेरियन्सचा अनबायस्ड एस्टिमेटर अस्तित्वातच नाही. पॉयसनचं E(r^T) = exp(nλ(r−1)) हे वापरून त्याचा व्हेरियन्स:

```
Var = e^(−2λ) · (e^(λ/n) − 1)
```

e^(λ/n) − 1 हे λ/n पेक्षा नेहमीच मोठं असतं, म्हणजे बाउंड कधीच गाठला जात नाही. सगळ्यात चांगला एस्टिमेटर हातात आहे आणि तरी तो एफिशियंट नाही! n = 5 आणि λ = ३.८७ असेल तर एफिशियन्सी ०.६६ च येते, n = २६०८ ला मात्र फरक हजारात एक भागही नसतो.

असं का झालं याचं उत्तर परत त्याच ओळीत. इक्वॅलिटीसाठी U − g(λ) हे स्कोअरच्या पटीत हवं, आणि स्कोअर T मध्ये सरळरेषी आहे, म्हणून U पण a + bT असाच असायला हवा, आणि मग त्याची अपेक्षित किंमत a + bnλ, म्हणजे λ मध्ये सरळरेषीच. म्हणून पॉयसनमध्ये λ, 2λ + 3, λ/7.5 (दर सेकंदाचा रेट, आपल्याकडे ०.५१६) यांना एफिशियंट एस्टिमेटर मिळतो आणि e^(−λ), λ², 1/λ यांना फायनाइट n ला कधीच नाही. "मिनिमम व्हेरियन्स अनबायस्ड" आणि "एफिशियंट" हे समानार्थी म्हणून लिहिणाऱ्यांचे मार्क इथेच जातात. बाउंड ही फक्त अशी जमीन आहे जिच्या खाली जाता येत नाही, तिच्यावर पाय टेकेलच अशी हमी तिने दिलेली नाही.

पायरी ७: संगणकावर पडताळा, आणि बाउंड कुठे लावायचा नाही

R मध्ये एवढं पुरे:

```r
set.seed(7)
m <- 3.87; n <- 5
sim <- replicate(50000, {
  x <- rpois(n, m)
  c(mean(x), var(x), mean(x == 0), (1 - 1/n)^sum(x))
})
rowMeans(sim)
apply(sim, 1, var)
```

n मुद्दाम ५ ठेवलाय, मोठ्या n ला शेवटच्या एस्टिमेटरचा फरक दिसणारच नाही. rowMeans मध्ये पहिले दोन ३.८७ च्या आसपास आणि पुढचे दोन ०.०२०९ च्या आसपास यायला हवेत, नाही आले तर अनबायस्डनेसच गेला आणि पुढे बघण्यात अर्थ नाही. व्हेरियन्स अंदाजे ०.७७४, ८.२६, ०.००४०८ आणि ०.०००५०८ असे येतील. पहिल्याचा बाउंड ०.७७४, त्याने गाठला. चौथ्याचा बाउंड ०.०००३३७, तो बराच वर राहिला, आणि रिप्लिकेशन वाढवलीत तरी तिथेच राहणार. शेवटच्या अंकांत थोडा इकडेतिकडे फरक चालतो, पण एखादा व्हेरियन्स बाउंडच्या स्पष्टपणे खाली दिसला तर आधी rowMeans परत बघा, नव्वद टक्के वेळा एस्टिमेटर बायस्ड असतो.

उरलेल्या दहा टक्क्यांत फॅमिली दोषी असते. सिद्धतेत आपण बेरजेच्या आत शिरून डिफरन्शिएट केलं, ते तेव्हाच चालतं जेव्हा x च्या शक्य किमतींची यादी पॅरामीटरवर अवलंबून नसते. पॉयसनमध्ये ती नेहमी ०, १, २, … असते, म्हणून बिनधास्त. पण युनिफॉर्म(0, θ) घ्या, तिथे θ हलला की रेंजच हलते. डोळे मिटून फॉर्म्युला लावला तर "बाउंड" θ²/n निघतो, आणि सगळ्यात मोठ्या ऑब्झर्वेशनवर आधारलेला अनबायस्ड एस्टिमेटर (n+1)/n · max चा व्हेरियन्स मात्र θ²/(n(n+2)), म्हणजे कितीतरी खाली. इथे थिअरम चुकलेला नाही, तो लागूच नव्हता, आणि ते स्कोअरवरूनच पकडता येतं: युनिफॉर्मचा स्कोअर −n/θ येतो, नुसता आकडा, ज्याची अपेक्षित किंमत शून्य नाही आणि व्हेरियन्स शून्य आहे. पायरी २ मधली E(s) = 0 ची तपासणी केली असती तर गाडी तिथेच थांबली असती.